साठातल्या सेहेचाळीस गोळ्या

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. लग्नाला दीड वर्ष झाले आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, चहा झाला, तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "सर, बायकोला चौथा महिना लागलाय. मी सगळं आणून देतो. फळं, खजूर, बदाम, डॉक्टरची फी, कशाला कमी नाही. तरी ती रात्री रडत बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही. मी अजून काय करू?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या मनात होता आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता. न विचारल्याची किंमत माझ्या बायकोने मोजली. त्या मुलाला त्या दिवशी जे सांगितले, तेच आज इथे लिहितो आहे. लिहिण्यापूर्वी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिहा, पण स्वतःला फार चांगलं दाखवू नका."

२००५ साली मी सव्वीस वर्षांचा होतो. बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी आमचे एकत्र कुटुंब होते. अब्बा, अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची दोन मुले, धाकटा भाऊ आणि आम्ही दोघे, अशी नऊ माणसे. बायकोला दिवस गेले तेव्हा घरात आनंद होता. अम्मी तिला "बेटी, संभालके" म्हणायची. मी पगाराच्या दिवशी डाळिंबे आणायचो. मला वाटायचे, काळजी घेणे म्हणजे हेच.

पाचव्या महिन्यात तपासणी झाली. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. गरोदर बाईचे ते ११ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे धरतात, आणि ७ च्या खाली गेले तर धोका मोठा असतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा डॉक्टर म्हणाले "रक्त कमी आहे, या गोळ्या द्या", आणि मी लोहाच्या साठ गोळ्या विकत घेऊन घरी दिल्या. दिवसाला दोन, असे सांगितले होते. दहा-दहाच्या सहा पट्ट्या होत्या. माझे काम झाले असे समजून मी शाळेच्या परीक्षांच्या मागे लागलो.

ऑक्टोबरमध्ये रमजान आला. तिला सातवा महिना होता. ती पहाटे साडेतीनला उठून भाभीबरोबर नऊ माणसांची सहेरी करायची, दिवसभर रोजा ठेवायची आणि संध्याकाळी इफ्तारची भजी तळायची. "तू रोजा ठेवू नकोस" असे तिला कुणी म्हणाले नाही. मीही नाही. ईदनंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.२ झाले होते.

डिसेंबरमध्ये मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. बाळंतपणात रक्त गेले. आधीच अंगात नव्हते, त्यामुळे थोडे गेले तरी जास्तच झाले. डॉक्टरांनी रात्री अकराला दोन बाटल्या रक्त आणायला सांगितले. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. गाडी कुणाची मिळेल, रक्त कोण देईल, पैसे किती लागतील, यातली एकही गोष्ट मी आधी ठरवलेली नव्हती. तिचा रक्तगट कोणता, हेही मला माहीत नव्हते. शेजाऱ्यांची जीप मिळाली. धाकट्या भावाने आणि एका सहकारी शिक्षकाने रक्त दिले. पहाटे चारला बाटली लागली. अल्लाहच्या कृपेने ती वाचली.

दुसऱ्या दिवशी बाळाचे कपडे आणायला घरी गेलो. तिचे कपाट उघडले तर कपड्यांखाली त्या गोळ्या सापडल्या. मी तिथेच बसून मोजल्या. साठातल्या सेहेचाळीस शिल्लक होत्या. म्हणजे तिने फक्त सात दिवस गोळ्या घेतल्या होत्या, आणि मला चार महिने पत्ता नव्हता.

मला आधी रागच आला. दवाखान्यात जाऊन मी तिला विचारले, "घेतल्या का नाहीस?" तिने हळूच सांगितले, "सकाळी चहाबरोबर घेतली की मळमळायचं. शौचाला काळं व्हायचं, त्याची भीती वाटली. शेजारची खाला म्हणाली, या गोळ्यांनी बाळ काळं होतं. अम्मींना विचारलं तर म्हणाल्या, गरम पडत असतील, बंद कर."

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही विचारायचात, बाळ कसं आहे. मी कशी आहे, हे कुठे विचारलंत?"

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

त्या गोळ्यांची गोष्ट आधी नीट सांगतो, कारण आपल्या बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. रक्त कमी असलेली बाई थकते, चिडते, पायऱ्या चढताना तिला धाप लागते, आणि घरचे म्हणतात, "नाटकं करते." लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. उलट गोळी पोटात जात असल्याची ती खूण आहे. बाळाच्या रंगाशी तिचा काही संबंध नाही. चहातल्या काही घटकांमुळे लोह अंगात मुरत नाही, म्हणून चहा आणि गोळी यांच्यात निदान तासा-दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नसते. एक सकाळी घेतली तर दुसरी रात्री. मळमळत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते, आणि मळमळ झाली तरी ती झोपेत निघून जाते. बद्धकोष्ठ होते, त्यासाठी पाणी, भाजी आणि सालीसकट फळे खावीत. एवढे करूनही गोळी सोसत नसेल तर ती गुपचूप बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचे. ते गोळी बदलतात, किंवा शिरेतून लोह देतात.

सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. गोळ्या नीट पोटात गेल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढायला हवे. वाढले नाही तर एक तर गोळी पोटात जात नाही, किंवा कारण दुसरेच आहे. म्हणून नवऱ्याचे काम गोळ्या विकत आणल्यावर संपत नाही, ते तिथे सुरू होते.

दुसऱ्या वेळी, २००९ मध्ये, मी हे सगळे शिकून तयार होतो असे नाही. पण त्या सेहेचाळीस गोळ्या डोक्यात होत्या. दिवस गेल्याचे कळले त्याच आठवड्यात मी तिला विचारले, "मागच्या वेळी सर्वात जास्त त्रास कशाचा झाला?" मला वाटले होते, ती रक्ताच्या बाटलीची रात्र सांगेल. ती म्हणाली, "सगळ्यांच्या शेवटी जेवायचा."

आपल्या घरांत आधी पुरुष आणि मुले जेवतात, मग बायका. सून सर्वांच्या शेवटी. तोवर सालन संपलेले असते, बोटी गेलेली असते, तळाचा रस्सा उरतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. तशी रीतच पडलेली असते. पण ज्या बाईचे रक्त ८ वर आहे, तिच्या ताटात तळाचा रस्सा येतो आणि ज्यांचे १४ आहे ते बोट्या खातात, हा हिशोब कधी तरी मांडायला हवा. मी डाळिंबे आणत होतो, पण ती डाळिंबेही नऊ जणांत वाटली जायची आणि तिच्या वाट्याला चार दाणे यायचे.

मग मी एक साधी गोष्ट केली. संध्याकाळी दस्तरखानवर बसलो की म्हणायचो, "ती आली की सुरू करू." पहिल्या दिवशी भाईजान हसले. "जोरू का गुलाम" हा शब्दही कानावर आला. आठवड्याने मात्र अब्बाच हाक मारायला लागले, "दुल्हन, आ जा बेटी, खाना ठंडा हो रहा." अब्बांनी हाक मारल्यावर पुढे कुणी हसले नाही. तिच्या ताटात अंडे किंवा दोन बोट्या, मेथी किंवा पालक, डाळ, वर लिंबू पिळून, हे रोज ठरलेले होते. अम्मीला वाटायचे, रक्तासाठी रोज कलेजी खायला द्यावी. डॉक्टरांनी सांगितले की कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, सुरुवातीच्या महिन्यांत जास्त खाणे बाळाला चांगले नाही, साधे मटण किंवा अंडे द्या, पण पूर्ण शिजवून.

आता अम्मीविषयी. हे लिहिताना अम्मीला कुणी वाईट समजू नये. तिने सहा मुलांना जन्म दिला, कापूस वेचता वेचता कळा सोसल्या. ती म्हणायची, "हमारे जमाने में गोलियां-वोलियां कुछ नई थे." तिच्या सहातली दोन मुले वर्षाच्या आत गेली, हे मात्र ती कधी बोलायची नाही. सून आणि सासू यांच्यात गोळ्यांवरून, कामावरून जो ताण येतो, तिथे नवरा गप्प बसतो ही आपली जुनी खोड आहे. आईशी बोलायचे काम तो बायकोवर टाकतो. ती बोलली की "उलट उत्तर देते" असे होते.

म्हणून या वेळी मी स्वतः बोललो. बायकोची तक्रार म्हणून काही सांगितले नाही. "अम्मी, मागच्या वेळी माझी चूक झाली, मी लक्ष दिलं नाही. या वेळी मला तुझी मदत हवी," असे म्हणालो. अम्मीला सोबत तपासणीला नेले. नर्सताईंनी तिला समोर बसवून गोळी केव्हा आणि कशी घ्यायची ते सांगितले. घरी आल्यावर मी गोळ्यांची पट्टी अम्मीच्याच हातात दिली. रोज इशाच्या नमाजनंतर अम्मी लिंबूपाणी करून तिला गोळी द्यायची आणि पट्टीवर खिळ्याने खूण करायची. गोळ्यांच्या विरोधात असलेली माझी अम्मी गोळ्यांची राखणदार झाली. तिला आजवर कुणी विश्वासात घेतलेच नव्हते, एवढाच दोष होता.

बाकीच्यांनाही एकेक काम नेमून दिले. "सगळ्यांनी मदत करा" म्हटले की कुणीच करत नाही, हे वर्गात मुलांना सांघिक काम देताना मी कितीदा पाहिले आहे. पाण्याच्या घागरी धाकट्या भावाने भरायच्या. आमच्या मोठ्या मुलीला संध्याकाळी अब्बांनी फिरवून आणायचे. पहिले तीन महिने तिला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, तेव्हा स्वयंपाक भाभीने करायचा आणि त्या बदल्यात भाभीच्या मुलांचा अभ्यास मी घ्यायचा. रात्रीची भांडी माझ्याकडे. सकाळी ती अंथरुणातून उठण्याआधी उशाशी टोस्ट आणि पाणी ठेवायचे, हेही माझ्याकडे. रिकाम्या पोटी उठले की मळमळ वाढते, चार घास कोरडे खाऊन उठले की कमी होते. पाणीही पोटात टिकत नसेल, दिवसभरात लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, तर मात्र टोस्टचा उपाय पुरत नाही. लगेच दवाखान्यात न्यायचे. भांडी घासताना मला लाज वाटायची, हे खोटे कशाला बोलू? पण रसूलल्लाह ﷺ घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, हे हजरत आयेशांनी सांगितलेले आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते ऐकताना मान डोलवायची आणि मोरीसमोर बसायला लाजायचे, याला काय म्हणावे?

ऑगस्टच्या शेवटी रमजान आला. याही वेळी तिला सातवाच महिना होता. हिमोग्लोबिन १०.१ होते. आधीपेक्षा बरे, पण अजून ११ नाही. तिला रोजे ठेवायचे होते. बायका रोजा सोडायला तयार होत नाहीत, कारण सगळे घर रोजाने असताना एकटीने खायची त्यांना लाज वाटते. ज्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती आहे, तिला रोजा न ठेवण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. आपण हनफी लोक ते रोजे नंतर कजा करतो. कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांकडे काही बाबतींत फिदयाही द्यावा लागतो, ते आपापल्या आलिमांना विचारावे. मसला सोपा आहे. अवघड असते ती घरातली नजर. मी अम्मीला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. अम्मी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "रोजा नको रख बेटी. बाद में कजा कर ले. अल्ला देखता है." दुपारी अम्मी स्वतः तिचे ताट आतल्या खोलीत नेऊन द्यायची. त्या महिन्यात सहेरीला तिला उठवायचे नाही असे ठरले. पोळ्या भाभी करायची, भात आणि चहा मी. माझा भात बऱ्याचदा गचका व्हायचा. कुणी तक्रार केली नाही.

एवढे सगळे होऊनही ती रात्री रडायची. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथे आहे. सगळे आणून देतो, तरी ती का रडते?

मी सुरुवातीला म्हणायचो, "काही होत नाही. अल्लाह मालिक आहे." वाक्य खरे आहे, पण मी ते तिला गप्प करण्यासाठी वापरत होतो. एका रात्री मी ते म्हटले नाही. विचारले, "नक्की कशाची भीती वाटते?" आणि थांबलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रात्री मला वाटलं होतं, मी मेले तर मुलीला कोण बघेल. तुम्ही बाहेर होतात. आत मला हात धरायला कुणी नव्हतं." चार वर्षे ती हे मनात घेऊन होती. मी फक्त ऐकले. उपाय सुचवले नाहीत. शेवटी एवढेच म्हणालो की या वेळी रक्त देणारे आधीच ठरवून ठेवू, आणि तुझ्याजवळ थांबायला तुझ्या अम्मीला आधीच बोलावून घेऊ. त्या रात्री तिला झोप लागली.

दुसरी भीती तिने आणखी काही दिवसांनी सांगितली. पहिली मुलगी आहे, आता दुसरीही मुलगीच झाली तर? कुणी थेट बोलत नव्हते, पण येणारी प्रत्येक पाहुणी "इन्शाअल्लाह, इस बार लड़का" म्हणून जायची. दुआच्या नावाखाली ते तिच्या छातीवर दगड ठेवणे होते. एकदा फुफी तसे म्हणाल्या तेव्हा मी सर्वांसमोर सांगितले, "फुफी, मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं, तिच्यावरून नाही. काय सांगायचं ते मला सांगा. आणि मुलगी झाली तर मिठाई दुप्पट वाटणार आहे." नवऱ्याने हे एकदा मोठ्याने बोलावे लागते. खोलीत बायकोला समजावून काही होत नाही, कारण टोमणा चारचौघांत येतो. लिंग तपासण्याचा विचारही कुणी मनात आणू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहेच, आणि आपल्या दीनने मुलीच्या जन्मावर तोंड काळे करणाऱ्याला काय म्हटले आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

सगळेच रडणे मात्र ऐकून घेतल्याने थांबत नाही, हेही त्या मुलाला सांगितले. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कशातच मन लागेना, किंवा "मी नसते तर बरं" असे शब्द आले, तर तो आजार असू शकतो. त्याला नजर किंवा असर समजून फक्त तावीज बांधत बसू नये. दुआ करावी आणि डॉक्टरकडेही न्यावे. गरोदरपणात चालतील अशी औषधे असतात. टेली-मानस नावाची सरकारी मदतसेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते.

आता शेवटचे महिने. मी प्रत्येक तपासणीला सोबत जायचो आणि वहीत चार गोष्टी लिहायचो, तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. कार्डवर हे सगळे असतेच, पण हाताने लिहिले की बदल लक्षात येतो. आठव्या महिन्यापर्यंत रक्तदाब ११०/७० च्या आसपास होता. छत्तिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, डोके फार दुखते आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाय तर महिनाभर सुजत होते, पण त्या दिवशी चेहराही सुजलेला दिसला आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. भाभी म्हणाली, दिवसभर धुणे-पुसणे झाले, थकली असेल, सकाळी पाहू.

पायांवरची सूज शेवटच्या महिन्यांत पुष्कळ जणींना येते. पण चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणे, या रक्तदाब वाढल्याच्या खुणा असतात. त्यात झटकेही येऊ शकतात. सकाळची वाट पाहायची नसते. आम्ही रात्री नऊला निघालो. रक्तदाब १५२/१०० निघाला, लघवीत प्रथिने होती. १४०/९० च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. तिला दाखल करून घेतले, औषध सुरू केले, आणि सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर कळा सुरू करून बाळंतपण केले. या वेळी हिमोग्लोबिन १०.९ होते. रक्तगट वहीच्या पहिल्या पानावर होता, रक्त देणारे दोघे गावात थांबले होते, जीपवाल्याला आगाऊ सांगून ठेवले होते, पैसे वेगळ्या पाकिटात होते. तिची अम्मी जवळ होती. रक्ताची गरज पडली नाही.

मुलगी झाली. दोन किलो सातशे ग्रॅम. मिठाई दुप्पट वाटली.

त्या मुलाला मी दवाखान्यात लगेच न्यायच्या बाकीच्या खुणाही लिहून दिल्या. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, पोटात सतत दुखणे, आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी होणे. आता १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे, आमच्या वेळी ती नव्हती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तेही सांगितले.

जाताना त्याने विचारले, "सर, एवढं सगळं लक्षात कसं ठेवू?"

मी त्याला सूरह मरियमची आठवण दिली. हजरत मरियम एकट्या, खजुराच्या बुंध्याशी, कळांनी इतक्या हैराण की मरण बरे वाटावे. त्या वेळी त्यांना काय मिळाले? आधी धीर, की दुःख करू नकोस. मग पायाशी पाण्याचा झरा. मग ताजे खजूर. आणि शेवटी लोकांना उत्तर न देण्याची मोकळीक, की कुणी भेटले तर आज मी कुणाशी बोलणार नाही असे सांग. धीर, पाणी, अन्न, आणि लोकांच्या तोंडापासून सुटका. क्रम असा आहे. मी पहिल्या वेळी फक्त खजूर आणले होते.

तो काही बोलला नाही. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तिला विचारलं कशाची भीती वाटते. दोन तास बोलली." मग जरा थांबून म्हणाला, "आणि गोळ्या मोजल्या. तीसातल्या एकोणीस शिल्लक आहेत."